प्रकल्प नोंदी: ८५० आत, ८५६ बाहेर, मध्ये सात कार्टन

काम असं: एका मोठ्या रिटेल बायरच्या पर्चेस ऑर्डरी ईडीआयमधून (एक्स१२, आवृत्ती ४०१०) घ्यायच्या आणि माल निघाला की एएसएन, म्हणजे माल पोचण्याआधीची पाठवणीची सूचना, परत पाठवायची. ईडीआयमध्ये ऑर्डरचा नंबर ८५०, एएसएनचा ८५६. जोडणी एएस२ वरून. गोदामात एक लेबल प्रिंटर आणि दोन हँड स्कॅनर. आतापर्यंत ऑर्डरी मेलवरून यायच्या आणि कोणीतरी त्या हाताने ईआरपीत टाकायचं. ऑर्डर वाचणं हे काम लवकर उरकतं. खरा वेळ एएसएन खाते. घाई असेल त्यांनी ११ आणि १२ मार्चच्या नोंदी आधी वाचाव्यात.

३ मार्च

एएस२ जोडणी. पाठवलेल्या पहिल्या चाचणी फाइलला उत्तर आलं: `processed/error: decryption-failed`. बायरचं चाचणी सर्व्हरचं सर्टिफिकेट वेगळं आणि प्रॉडक्शनचं वेगळं. फाइल प्रॉडक्शनच्या सर्टिफिकेटने एन्क्रिप्ट करून चाचणी सर्व्हरला पाठवली जात होती. तीन तास फायरवॉल तपासण्यात गेले. खरं तर फायरवॉलचा प्रश्न असता तर हे उत्तरसुद्धा आलं नसतं.

इथेच तीन पावत्यांमधला फरक लिहून ठेवतो, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कामाला आला. एमडीएन ही एएस२ ची पोच: फाइल मिळाली, सही जुळली, उलगडता आली. ९९७ ही रचनेची पोच: सेगमेंट आणि फील्ड नियमाप्रमाणे आहेत. ८२४ हे आतल्या मजकुराबद्दलचं म्हणणं: फाइल वाचली, पण त्यात लिहिलेलं आमच्या नोंदींशी जुळत नाही. पहिल्या दोन्ही हिरव्या असताना तिसरी लाल येऊ शकते, आणि आलीच.

४ मार्च

पहिली चाचणी ऑर्डर. किमतीची फील्ड काढून ती अशी:

```
ST*850*0001~
BEG*00*SA*0004512**20250303~
DTM*037*20250317~
DTM*038*20250319~
N1*ST**92*0417~
PO1*1*48*EA***IN*70018~
PO1*2*3*CA***IN*70026~
PO4*24*1*EA~
CTT*2~
SE*10*0001~
```

`037` ही याआधी माल पाठवू नका अशी तारीख, `038` ही याच्यानंतर पाठवू नका अशी. `0417` हा माल कुठे पोचवायचा त्याचा बायरने दिलेला कोड. `SE` मधला १० हा आकडा `ST` आणि `SE` धरून सेगमेंट मोजतो.

पार्सर आधी `*` आणि `~` गृहीत धरून लिहिला होता. ते चूक. विभाजक कोणता हे फाइलच सांगते: `ISA` सेगमेंट ठरलेल्या लांबीचा, शेवटच्या चिन्हासकट १०६ अक्षरांचा असतो. चौथं अक्षर म्हणजे फील्डचा विभाजक, १०५ वं म्हणजे उपफील्डचा, १०६ वं म्हणजे सेगमेंटचा शेवट. पार्सर तसा बदलला आणि लगेच दुसऱ्या नमुना फाइलवर तो कोसळला. ती फाइल मेलच्या मजकुरातून चिकटवून आली होती. `ISA` मध्ये पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयडी १५ अक्षरांपर्यंत रिकाम्या जागांनी भरलेला असतो. मेलने सलग रिकाम्या जागांची एकच जागा केली आणि १०६ वं अक्षर भलतंच निघालं. नमुना फाइल नेहमी अटॅचमेंट म्हणून मागावी. मेलच्या मजकुरात आलेल्या फाइलवर कोड तपासू नये.

५ मार्च

चाचणी ऑर्डर ईआरपीत उतरली आणि दोन चुका दिसल्या.

पहिली किरकोळ: ऑर्डर नंबर `0004512` चा 4512 झाला आणि `0417` चा 417. ईआरपीतलं फील्ड अंकांचं होतं. एएसएनमध्ये हेच नंबर जसेच्या तसे परत द्यावे लागतात, नाहीतर बायरच्या यंत्रणेला ऑर्डर सापडत नाही. बायरकडून आलेला प्रत्येक नंबर मजकूर म्हणूनच साठवायचा, दिसायला कितीही आकडा असो.

दुसरी महागात पडली असती. ओळ २ मध्ये `3*CA` आहे, म्हणजे तीन केस, आणि `PO4` सांगतो की एका केसमध्ये २४ नग. ईआरपीने ७२ ऐवजी ३ नग घेतले. रचना बरोबर असल्यामुळे कुठेही एरर नव्हती. पिकिंग यादीवरचं एकूण वजन फारच कमी दिसलं म्हणून लक्षात आलं.

आता नियम असा: `EA` असेल तर आहे तेवढेच नग; `CA` असेल तर वस्तूच्या मास्टरमधल्या पॅकने गुणायचं; `PO4` आला असेल तर त्यातला पॅक मास्टरशी ताडून पाहायचा, आणि न जुळल्यास ऑर्डर पुढे न नेता माणसासमोर थांबवायची. आपोआप बायरचा आकडा खरा धरायचा मोह टाळला. पॅक बदलला असेल तर आधी कोणीतरी खरं कार्टन उघडून पाहिलं पाहिजे. बायरने पाठवलेलं मूळ एककही ओळीसोबत साठवलं, कारण या बायरच्या गाइडप्रमाणे एएसएनमध्ये ऑर्डरच्याच एककात उत्तर द्यायचं आहे.

१० मार्च

९९७ चा क्रम बदलला. आधी फाइल वाचली की लगेच ९९७ जात होती आणि त्यानंतर ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिली जायची. आज चाचणीत डेटाबेस मध्येच बंद पडला: बायरकडे स्वीकृत ९९७, आपल्याकडे ऑर्डरचा पत्ता नाही. ९९७ मिळाल्यावर बायर ती ऑर्डर सहसा पुन्हा पाठवत नाही. आता आधी मूळ फाइल डिस्कवर, मग ऑर्डर डेटाबेसमध्ये, आणि नंतर ९९७. बदलायला एक तास.

ऑर्डर मान्य आहे असा अर्थ ९९७ मधून निघत नाही हेही विक्री विभागाला सांगावं लागलं. ते सांगण्यासाठी ८५५ आहे. या बायरला ती नको आहे.

११ मार्च

एएसएन, म्हणजे ८५६. ऑर्डर ही सरळ यादी असते, एएसएन हे झाड असतं. प्रत्येक फांदी `HL` ने सुरू होते: पहिला आकडा फांदीचा स्वतःचा क्रमांक, दुसरा तिच्या पालकाचा, मग पातळी. `S` म्हणजे पूर्ण पाठवणी, `O` ऑर्डर, `P` कार्टन, `I` वस्तू. `BSN` मधला `0001` सांगतो की पातळ्यांचा क्रम पाठवणी, ऑर्डर, कार्टन, वस्तू असा आहे. `0002` मध्ये वस्तू आधी आणि कार्टन नंतर येतं. बायरला कोणता क्रम हवा हे गाइडमध्ये पाहायचं. अंदाजाने ठरवायचं नाही.

चाचणी ऑर्डरची कार्टन: ओळ १ चे ४८ नग, बारा-बाराची चार कार्टन. ओळ २ च्या तीन केस म्हणजे तीन कार्टन. एकूण सात. झाडाची सुरुवात:

```
BSN*00*S000311*20250317*1410*0001~
HL*1**S~
TD1*CTN25*7~
REF*BM*88123~
DTM*011*20250317~
N1*ST**92*0417~
HL*2*1*O~
PRF*0004512~
HL*3*2*P~
MAN*GM*00095212340000000419~
HL*4*3*I~
LIN*1*IN*70018~
SN1*1*12*EA~
HL*5*2*P~
MAN*GM*00095212340000000426~
HL*6*5*I~
```

`HL*5*2*P` मधला २ पाहा. दुसऱ्या कार्टनची पालक ऑर्डर आहे, म्हणजे `HL` २. आपला कोड प्रत्येक नव्या फांदीला आधीच्या ओळीतली फांदी पालक म्हणून देत होता, त्यामुळे तिथे `HL*5*4*P` जात होतं. अर्थ असा झाला की दुसरं कार्टन पहिल्या कार्टनमधल्या वस्तूच्या आत आहे, तिसरं दुसऱ्यातल्या वस्तूच्या आत, आणि असंच पुढे. ९९७ स्वीकृत आली, कारण ४ नंबरची फांदी खरोखर अस्तित्वात आहे आणि रचनेचा नियम कुठे मोडत नाही. ८२४ मात्र परत आली, तीही चाळीस मिनिटांनी, आणि तिच्यात फक्त कार्टन ऑर्डरशी जोडलेलं नाही एवढंच लिहिलेलं. अर्धा दिवस `PRF` मधला ऑर्डर नंबर तपासत बसलो; तो पहिल्यापासून बरोबर होता.

उपाय साधा: शेवटची `O` आणि शेवटची `P` यांचे क्रमांक दोन चलांमध्ये ठेवायचे. `P` चा पालक नेहमी शेवटची `O`, `I` चा पालक नेहमी शेवटची `P`. पाठवण्याआधी झाड इंडेंट करून छापणारी दहा ओळींची स्क्रिप्टही लिहिली. इंडेंट केल्यावर ही चूक नजरेने दिसते: सात कार्टन एका रेषेत यायला हवीत, जिन्यासारखी उतरायला नकोत.

त्याच फाइलमधली दुसरी चूक `CTT` ची. ८५० मध्ये तिथे ओळींची संख्या असते, म्हणून ८५६ मध्येही 2 गेलं. ८५६ मध्ये तिथे `HL` मोजायचे: पाठवणी १, ऑर्डर १, कार्टन ७, वस्तू ७, म्हणून `CTT*16~`.

१२ मार्च

आजचा दिवस एसएससीसीने खाल्ला. हा कार्टनचा १८ अंकी नंबर: एक विस्तार अंक, जीएस१ कडून मिळालेला कंपनी प्रीफिक्स, आपला अनुक्रमांक आणि शेवटी चेक डिजिट. नोंदीत ९५२ ने सुरू होणारा जीएस१ चा नमुन्यासाठीचा प्रीफिक्स वापरला आहे, तो खऱ्या लेबलवर छापू नये. कंपनी प्रीफिक्स ७ अंकी असेल तर अनुक्रमांकाला ९ अंक उरतात.

चेक डिजिट हाताने एकदा तरी काढून पाहावा. १७ अंकांना डावीकडून आळीपाळीने ३ आणि १ ने गुणायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते लिहायचं. `0 9521234 000000041` ची बेरीज ५१ येते, ६० ला ९ कमी, म्हणून शेवटचा अंक ९. अनुक्रमांक ४२ ला बेरीज ५४, चेक डिजिट ६. बेरीज नेमकी दहाच्या पटीत आली (४४ ला ६० येते) तर चेक डिजिट ०. आपल्या कोडने तिथे १० लिहून १९ अंकी नंबर तयार केला होता. पहिल्या तीन कार्टनपर्यंत चाचणी थांबवली असती तर हे दिसलंच नसतं.

पण दिवस त्यात गेला नाही. दुरुस्त फाइलला ८२४ आली: एकच कार्टन नंबर सात वेळा. डेटाबेसमध्ये सातही नंबर वेगळे होते. मध्ये एक पायरी होती: गोदामाची कार्टन यादी एक्सेलमध्ये उघडून, नंबरांचा कॉलम पूर्ण आकडा दिसेल अशा फॉरमॅटमध्ये करून, वजन भरून, पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन व्हायची. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अर्थपूर्ण अंक धरतो आणि पुढे शून्य लावतो. सुरुवातीचा शून्य गेला, मग:

```
095212340000000419 -> 95212340000000400
095212340000000426 -> 95212340000000400
```

अनुक्रमांक ४१ ते ४७ ची सातही कार्टन अशी एकाच नंबरावर येऊन बसली. पुढे आपल्या कोडने डावीकडे शून्य भरून लांबी पुन्हा १८ केली, त्यामुळे लांबीची तपासणीही पास झाली. चेक डिजिटची तपासणी असती तर नंबर तिथेच अडकला असता.

सेल मजकूर म्हणून फॉरमॅट करणं हा उपाय धरला नाही. एकदा सीएसव्ही झाली की पुढचा माणूस डबल क्लिक करून उघडणार आणि पुन्हा तेच होणार. एक्सेलची पायरीच काढली. वजन आता पॅकिंग टेबलवरच्या स्क्रीनवर भरलं जातं. शिवाय एएसएन निघण्याआधी दोन तपासण्या: प्रत्येक नंबराचा चेक डिजिट पुन्हा काढून पाहायचा, आणि एका एएसएनमध्ये एकही नंबर दोनदा नको.

आणखी एक बारकावा: `MAN` मध्ये `GM` लिहिलं की नंबरापुढे `00` हा आयडेंटिफायर लावून २० अंक द्यायचे. काही ठिकाणी नुसते १८ अंक मागतात, तिथे कोड `AA` असतो. वर नमुन्यात नंबर तीन शून्यांनी सुरू होतो ते याचमुळे: दोन आयडेंटिफायरचे, एक विस्तार अंकाचा.

१४ मार्च

लेबल. बायरला नमुना लेबल कुरियरने पाठवलं, नापास होऊन आलं. हँड स्कॅनरवर नंबर अगदी बरोबर वाचला जात होता, म्हणून कारण आधी पटेना.

कारणं दोन. एक, बारकोड साधा कोड १२८ होता. जीएस१-१२८ होण्यासाठी सुरुवातीच्या चिन्हानंतर लगेच `FNC1` लागतं. ते छापलेल्या आकड्यांत दिसत नाही. स्कॅनरमध्ये सिम्बॉलॉजी आयडेंटिफायर दाखवायची सेटिंग चालू करून पाहिलं तर `]C0` आलं. यायला हवं `]C1`. दोन, रेषा फार बारीक होत्या. सर्वांत बारीक रेषा २ डॉट, म्हणजे २०३ डीपीआयच्या प्रिंटरवर साधारण पाव मिलिमीटर. हातात धरलेला स्कॅनर ते वाचतो, कन्व्हेयरवरचा वाचेलच असं नाही. लॉजिस्टिक लेबलसाठी किमान ०.४९५ मिमी लागते, म्हणून ४ डॉट. उंची किमान ३१.७५ मिमी, म्हणजे २५४ डॉट. प्रिंटरला दिलेली आज्ञा अशी:

```
^FO94,800^BY4
^BCN,254,N,N,N^FD>;>800095212340000000419^FS
```

`>;` मुळे छपाई अंकांच्या जोड्यांच्या संचात सुरू होते आणि `>8` म्हणजे `FNC1`. अशा बारकोडची रुंदी सर्वांत बारीक रेषेच्या १५६ पट, ४ डॉटला ७८ मिमी, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी मोकळी जागा. चार इंची लेबलवर हे बसतं, पण डावीउजवीकडे फार काही उरत नाही. कंपनीचा लोगो बाजूला हवा होता, तो वर सरकवला. दुसरा नमुना पास. कुरियरच्या येण्याजाण्यात तीन दिवस गेले.

१९ मार्च

चाचणी पूर्ण, प्रॉडक्शन चालू. सर्टिफिकेट बदलायला या वेळी विसरलो नाही.

२७ मार्च

पहिली खरी ऑर्डर गेली. तीच दोन वस्तू, तेवढीच संख्या, सात कार्टन. दोन चुका, दोन्ही आपल्या, आणि बायरने डिडक्शन लावलं.

पहिली: ओळ १ चा साठा चार नग कमी निघाला. चौथ्या कार्टनमध्ये १२ ऐवजी ८ नग भरले गेले. पॅकरने कागदी यादीवर तसं लिहिलंसुद्धा. पण एएसएन ऑर्डरवरून तयार होत होती, म्हणून तिच्यात ४८ गेले आणि ट्रकमध्ये ४४. चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे ऑर्डर आणि पॅकिंग नेहमी सारखंच होतं. बायरला कमी मालापेक्षा चुकीच्या सूचनेचा जास्त त्रास: त्यांचं गोदाम कार्टन उघडत नाही, फक्त नंबर स्कॅन करतं आणि एएसएनमध्ये लिहिलेली संख्या साठ्यात धरतं.

दुसरी: एएसएन रात्री दोनच्या बॅचमध्ये जात होती. ट्रक दुपारी निघाला आणि संध्याकाळी बायरच्या गेटवर उभा राहिला. गेटवर कार्टन स्कॅन झाली तेव्हा त्यांच्याकडे एकाही नंबराची नोंद नव्हती. माल बाजूला ठेवून हाताने मोजला गेला.

२८ मार्च

झाली ती एएसएन दुरुस्त करता येते का पाहिलं. `BSN` च्या पहिल्या फील्डमध्ये `00` ऐवजी `05` लिहून त्याच पाठवणी नंबराने बदली सूचना पाठवता येते. पण हा बायर माल उतरवून घेतल्यानंतर ती घेत नाही. ट्रक गेटवर पोचेपर्यंतच तिचा उपयोग.

३१ मार्च

एएसएन आता ऑर्डरवरून तयार होत नाही, स्कॅनवरून होते. पॅकिंग टेबलवर कार्टन उघडलं की नवा एसएससीसी मिळतो. वस्तू स्कॅन होतात तशा त्या नंबराखाली जमतात. कार्टन बंद केलं की लेबल छापलं जातं. लेबल आणि `MAN` दोन्ही डेटाबेसमधल्या एकाच ओळीतून निघतात. संख्या ऑर्डरपेक्षा कमी असेल तर चालतं, जास्त असेल तर स्क्रीन अडवते.

कधी पाठवायची यावर गोदामाशी वाद झाला. त्यांना पॅकिंग संपताच हवी होती, म्हणजे मग काळजी नाही. पण पॅक झालेलं कार्टन ट्रकमध्ये चढतंच असं नाही. एक जरी मागे राहिलं तरी सूचना खोटी. म्हणून ट्रकमध्ये चढवताना प्रत्येक कार्टन पुन्हा स्कॅन, दार बंद झालं की बटण, बटण दाबलं की फक्त चढलेल्या कार्टनची एएसएन लगेच. सात कार्टनला दुसऱ्या स्कॅनची दोन मिनिटं जास्त लागतात. एमडीएन १५ मिनिटांत आली नाही तर गोदामाच्या स्क्रीनवर लाल पट्टी, ९९७ दोन तासांत आली नाही तर मेल. हे आकडे आपण ठरवलेले आहेत, गाइडमधले नाहीत.

४ एप्रिल

दुसरी ऑर्डर. दार बंद दुपारी १:०५, एमडीएन १:०६, ९९७ १:२०, ८२४ नाही. गेटवर सगळी कार्टन ओळखली गेली.

या वेळी एक मिश्र कार्टन होतं: ओळ १ चे उरलेले ६ नग आणि ओळ ३ चे ४. एका `P` खाली दोन `I`, दोघांचा पालक तोच:

```
HL*9*2*P~
MAN*GM*00095212340000000518~
HL*10*9*I~
LIN*1*IN*70018~
SN1*1*6*EA~
HL*11*9*I~
LIN*3*IN*70034~
SN1*3*4*EA~
```

११ मार्चची इंडेंट स्क्रिप्ट इथे पुन्हा उपयोगी पडली. `CTT` ही आता `HL` प्रत्यक्ष मोजून लिहिली जाते. आधीचं कार्टनची दुप्पट अधिक दोन हे सूत्र मिश्र कार्टन आलं की एकाने कमी पडतं. केस ऑर्डर असताना अर्धी केस भरली तर `CA` मध्ये काय लिहायचं हा प्रश्न बायरला विचारला आहे. उत्तर येईपर्यंत स्क्रीन अर्धी केस बंद करू देत नाही.